कोणता आकडा पडताळला, कोणता राहिला: कर्जप्रस्तावावर जोडायचे एका पानाचे टिपण

एखादा छोटा कारखानदार बँकेकडे कॅश क्रेडिट, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलता येणारे कर्ज, मागतो तेव्हा त्याच्याबरोबर जाडजूड फाइल येते. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे खाते-उतारे, येण्यांची यादी, साठ्याचे पत्रक. कनिष्ठ विश्लेषक हे सगळे वाचून आकडे तक्त्यात मांडतो आणि फाइल वरिष्ठांकडे पाठवताना वर एक टिपण जोडतो. बहुतेक टिपणांत एवढेच लिहिलेले असते: ‘सर्व आकडे तपासले, कागदपत्रांशी जुळतात.’

या वाक्यातून वरिष्ठांना काहीच कळत नाही. आकडा कोणत्या कागदाशी जुळवला आणि तो कागद कोणाच्या हातचा होता, हे त्यात नाही. कर्जदाराने दिलेला ताळेबंद आणि कर्जदारानेच दिलेली येण्यांची यादी जुळणारच, कारण दोन्ही एकाच संगणकातून, बहुधा एकाच अकाउंटंटने काढलेली असतात. अशा जुळण्याने बेरीज बरोबर आहे एवढेच सिद्ध होते. आकडा खरा आहे की नाही, हे तेव्हाच कळू लागते जेव्हा दुसरा कागद कर्जदाराशी संबंध नसलेल्या, किंवा खोटे सांगून स्वतःचेच नुकसान होईल अशा माणसाने तयार केलेला असतो. चांगल्या टिपणात प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यापुढे हा दुसरा हात कोणाचा, हे लिहिलेले असते.

हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण यातली प्रत्येक अडचण कर्जविभागात नेहमी भेटणारी आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे इलेक्ट्रिक पॅनेल बॉक्स बनवणारा एक मालकी व्यवसाय आहे. २०२४-२५ ची विक्री ६.८४ कोटी रुपये, निव्वळ नफा ३८ लाख. मालक म्हणतो, यंदा विक्री ८ कोटींवर जाईल, मला १.६० कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा द्या.

हा १.६० चा आकडा कुठून आला? लहान उद्योगांसाठी बँका नायक समितीच्या शिफारशीतून आलेली उलाढाल पद्धत वापरतात. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरायचे, त्यातले उलाढालीच्या ५ टक्के मालकाने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. ८ कोटींचे २० टक्के म्हणजे १.६० कोटी. याचा अर्थ विक्रीच्या आकड्यातला प्रत्येक रुपया कर्जाच्या वीस पैशांना जन्म देतो. म्हणून पडताळणी विक्रीपासून सुरू करायची.

विक्रीचा पहिला ताळा जीएसटीशी. बारा महिन्यांच्या जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्रांमधील करपात्र मूल्यांची बेरीज ७.०६ कोटी आली. नफा-तोटा पत्रकात ६.८४. फरक २२ लाखांचा. इथे पुष्कळ नवे विश्लेषक ‘किरकोळ फरक’ लिहून पुढे जातात, आणि ते मला मान्य नाही, कारण फरक कसा सुटतो यातच माहिती असते. या प्रकरणात भंगाराची ९ लाखांची विक्री जीएसटीत दाखवली होती, पण हिशेबात ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून गेली होती. ६ लाखांना विकलेले जुने प्रेस मशीन हिशेबात स्थिर मालमत्तेच्या परिशिष्टात होते. उरलेले ७ लाख म्हणजे परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट. ती हिशेबात मार्च २०२५ मध्ये घेतली आणि जीएसटीत एप्रिलच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवली. नऊ, सहा, सात मिळून बावीस. तिन्ही गोष्टींचे कागद पाहिले, म्हणून हा फरक सुटला असे लिहिता येते. कागद न पाहता अकाउंटंटने फोनवर हीच कारणे सांगितली असती तर टिपणात ‘सुटला’ न लिहिता ‘अकाउंटंटच्या सांगण्यानुसार’ असे लिहावे लागले असते.

जीएसटीची विवरणपत्रेही कर्जदारच भरतो. मग तो दुसरा हात कसा? अर्धा आहे, एवढेच म्हणता येईल. विक्री फुगवून दाखवली तर तिच्यावर कर भरावा लागतो, म्हणून खोटे महाग पडते. पण तेवढ्याच रकमेची खोटी खरेदी दाखवून तिच्या कराची वजावट घेतली, तर ते जवळजवळ फुकट होते. एकमेकांना नुसती बिले फाडणाऱ्या चक्री व्यवहारांची युक्ती हीच. म्हणून जीएसटीशी जुळले एवढ्यावर थांबता येत नाही.

दुसरा ताळा बँक खात्याशी, आणि इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. खात्यात वर्षभरात एकूण ८.५१ कोटी जमा झाले, विक्री ६.८४ कोटी, म्हणजे ‘जमा विक्रीपेक्षा जास्त, समाधानकारक’ असे लिहिले जाते. पण नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते आणि खात्यात येणारा पैसा जीएसटीसह असतो. शिवाय खात्यात येणारा सगळा पैसा विक्रीचा नसतो. नीट करायचे तर असे: विक्री, भंगार आणि जुने मशीन मिळून ६.९९ कोटी, १८ टक्के कर धरून ८.२५ कोटी. वर्षाच्या सुरुवातीची येणी १.१२ कोटी मिळवली, अखेरची १.४८ कोटी वजा केली, म्हणजे खात्यात सुमारे ७.८९ कोटी यायला हवे होते. आता जमा रकमेतून मालकाने स्वतःच्या दुसऱ्या खात्यातून आणि भावाकडून आणलेले ४० लाख, एका फायनान्स कंपनीचे २५ लाखांचे व्यवसाय कर्ज आणि जमा होऊन परत गेलेले ५ लाखांचे चेक काढले की ७.८१ कोटी उरतात. ८ लाखांचा फरक राहिला. मालक म्हणतो, ग्राहकांनी दरफरकापोटी कापून घेतले. कागद मिळाले नाहीत. फरक एक टक्क्याचा आहे, निर्णय बदलत नाही, पण टिपणात तो ‘न सुटलेला’ म्हणूनच जातो.

एक बारीक मुद्दा इथेच सांगून टाकतो. खाते-उतारा कर्जदाराने ईमेलने पाठवलेल्या पीडीएफमधून घेतला की खातेदाराच्या संमतीने बँकेची माहिती पोचवणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत थेट बँकेकडून आला, हे टिपणात लिहायलाच हवे. पीडीएफमध्ये आकडे बदलता येतात. बदललेला उतारा बहुधा शिल्लक रकमेच्या रांगेत पकडला जातो: आधीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, हे एखाद्या ओळीत जुळत नाही. पण हुशारीने बदललेला उतारा तिथेही जुळेल. थेट आलेल्या उताऱ्याला ही शंका लागत नाही.

तिसरा ताळा मला सर्वात जास्त आवडतो, कारण तो खरोखर परक्या हातचा आहे. २०२४-२५ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४क्यू प्रमाणे, ज्या खरेदीदाराची आधीच्या वर्षीची उलाढाल १० कोटींपेक्षा जास्त आहे, त्याला एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांवर घेतलेल्या मालावर ०.१ टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो. ही कपात विक्रेत्याच्या फॉर्म २६एएस या करकपातीच्या उताऱ्यात दिसते, आणि तिच्याबरोबर व्यवहाराची रक्कमही. ती रक्कम ग्राहकाने लिहिलेली असते, आपल्या कर्जदाराने नाही. आपल्या प्रकरणात सर्वात मोठ्या ग्राहकाला हिशेबात ३.९० कोटींची विक्री आहे आणि २६एएस मध्ये ३.४० कोटी दिसतात. पहिले ५० लाख कपातीच्या बाहेर, म्हणजे हिशेब चोख बसला. एकूण विक्रीपैकी ५७ टक्के विक्री ग्राहकाच्या तोंडून सिद्ध झाली.

दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला १.२६ कोटींची विक्री आहे आणि २६एएस मध्ये त्याचे नावच नाही. म्हणून ती विक्री खोटी ठरत नाही. त्या ग्राहकाची स्वतःची उलाढाल १० कोटींच्या खाली असेल तर त्याला कपात लागूच नाही. पुरावा नसणे आणि विरोधी पुरावा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टिपणात त्या वेगळ्या रकान्यांत हव्यात.

आता सीएच्या सहीबद्दल. ताळेबंदावर यूडीआयएन हा त्या कागदाचा अठरा अंकी ओळख क्रमांक असतो. तो सनदी लेखापालांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरोखर त्याच सीएने सही केलेला आहे का आणि त्याने नोंदवलेले ठळक आकडे तेच आहेत का, हे कळते. बनावट ताळेबंद पकडायला ही तपासणी फार उपयोगी. पण तिने कागद खरा ठरतो, त्यातला प्रत्येक आकडा नाही. याच ताळेबंदात अखेरच्या साठ्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की साठा मालकाने मोजून, मूल्य ठरवून प्रमाणित केल्याप्रमाणे घेतला आहे. म्हणजे सीए स्पष्ट सांगतो आहे की हा आकडा मालकाचा. ती ओळ जो विश्लेषक वाचत नाही तो साठ्यापुढे ‘लेखापरीक्षित’ लिहून मोकळा होतो.

साठ्याजवळ जरा थांबायला हवे, कारण नफा तिथेच घडवता येतो. अखेरचा साठा एक रुपयाने वाढवून दाखवला की नफा एक रुपयाने वाढतो, आणि त्यासाठी कोणालाही बिल द्यावे लागत नाही, जीएसटी भरावा लागत नाही. आपल्या कारखान्यात साठा ६१ लाखांवरून ९६ लाखांवर गेला आहे. विक्री मात्र सुमारे नऊ टक्क्यांनीच वाढली. ३१ मार्चचा साठा जुलैमध्ये कोणी पाहू शकत नाही. मग मागे जाऊन हिशेब करायचा: आज मोजलेल्या साठ्यातून १ एप्रिलपासूनची खरेदी वजा करायची आणि या काळात विकलेल्या मालाची किंमत मिळवायची.

२४ जुलैच्या भेटीत साठा अंदाजे ७० लाखांचा निघाला. एप्रिलपासूनची खरेदी १.३६ कोटी: जूनपर्यंतची जीएसटीआर-२बी वरून, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांवरून, आणि जुलैची बिले पाहून. त्याच काळातली विक्री २.१४ कोटी. विक्रीत मालाची किंमत किती टक्के धरायची? इथे एक सापळा आहे. २०२४-२५ च्या हिशेबातून हे प्रमाण काढले तर त्यात तोच वादातला अखेरचा साठा दडलेला असतो. साठा फुगवला असेल तर मालाचा खर्च कमी दिसतो आणि आपला उलटा हिशेबही त्याच बाजूला झुकतो. म्हणून त्याआधीच्या वर्षाचे ६५ टक्के हे प्रमाण घेतले. २.१४ कोटींचे ६५ टक्के म्हणजे १.३९ कोटी. ७० वजा १३६ अधिक १३९: ३१ मार्चचा साठा सुमारे ७३ लाख येतो, दाखवलेला ९६. तफावत २३ लाखांची. हा अंदाज आहे. प्रमाण एक टक्क्याने हलले तर उत्तर दोन लाखांनी हलते. पण २३ लाखांचा खड्डा भरायला ते प्रमाण ७६ टक्क्यांच्या आसपास असावे लागेल, आणि तसे असेल तर हा धंदा नफ्यात कसा, असा दुसराच प्रश्न उभा राहतो. तफावत खरी असेल तर नफा ३८ लाखांचा नाही, १५ लाखांचा आहे.

येण्यांचा ताळा त्या मानाने सोपा आहे. ३१ मार्चला १.४८ कोटी येणे होते. त्यापैकी एप्रिल ते जूनमध्ये किती पैसे खरोखर खात्यात आले, हे पक्षकारवार जुळवायचे. १.०९ कोटी आले, ती येणी खरी होती. ३९ लाख आले नाहीत. त्यातले ३१ लाख एकाच व्यापाऱ्याकडे, फेब्रुवारी-मार्चच्या बिलांचे. कारखान्याची उलाढाल ५ कोटींवर असल्याने त्याला ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे आणि या बिलांवर आयआरएन क्रमांक आहेत. पण आयआरएन एवढेच सांगतो की बिल सरकारी यंत्रणेत नोंदले गेले. माल गेला की नाही, पैसे येतील की नाही, याबद्दल तो काही सांगत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्या व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक टाकला तर त्याने एप्रिलपासून ३बी विवरणपत्र भरलेले दिसत नाही. त्याच्याकडून बाकी मान्य असल्याचे पत्र मागवले, ते अजून आलेले नाही.

राहिला ८ कोटींचा अंदाज. भविष्य पडताळता येत नाही, पण त्याचा वेग मोजता येतो. एप्रिल ते जूनच्या ३बी मध्ये विक्री १.७१ कोटी, म्हणजे महिन्याला ५७ लाख. ८ कोटी गाठायचे तर उरलेल्या नऊ महिन्यांत महिन्याला सुमारे ७० लाख व्हायला हवेत. मालकाने पुरावा म्हणून मोठ्या ग्राहकाची ऑर्डर दिली आहे. ती खुली ऑर्डर आहे, तिच्यावर दर आहेत, नग नाहीत.

हे सगळे काम वरिष्ठांनी पुन्हा करायचे नसते. त्यांना दोन-तीन मिनिटांत कळायला हवे की कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे स्वतः प्रश्न विचारायचे. म्हणून टिपण साधारण असे लिहावे:

> मॅडम,
>
> अंबड येथील पॅनेल बॉक्स कारखान्याचा १.६० कोटींचा प्रस्ताव सोबत आहे. आधी तीन गोष्टी, ज्यांनी निर्णय बदलू शकतो.
>
> १. अखेरचा साठा (९६ लाख) तपासला, जुळला नाही. २४ जुलैच्या मोजणीवरून मागे हिशेब केल्यास सुमारे ७३ लाख येतो. मोजणीत मालकाचे रजिस्टर आणि मोठे गठ्ठे पाहिले, सगळा माल वजन केलेला नाही. तफावत खरी असल्यास नफा ३८ ऐवजी सुमारे १५ लाख.
>
> २. येण्यांतील ३१ लाख (एकच व्यापारी) पडताळता आले नाहीत. बाकी-मान्यतेचे पत्र १६ जुलैला मागवले, आलेले नाही. व्यापाऱ्याने एप्रिलपासून ३बी भरलेले नाही. ही विक्री, ३१ लाखांतला कर वगळून, बाजूला ठेवल्यास २०२४-२५ ची विक्री ६.५८ कोटी.
>
> ३. ८ कोटींच्या अंदाजाला नगांसह ऑर्डर नाही. चालू वेगाने ६.८४ कोटी होतात. त्यावर मर्यादा १.३७ कोटी बसते.
>
> पडताळलेले: एकूण विक्री ६.८४ कोटी, जीएसटीशी ताडून. ३बी शी २२ लाखांचा फरक, तिन्ही कारणांचे कागद फाइलमध्ये. त्यापैकी ३.९० कोटी ग्राहकाच्या टीडीएसवरून (२६एएस आमच्यासमोर डाउनलोड केला). येणी १.०९ कोटी, नंतर आलेल्या पैशांवरून. यूडीआयएन तपासला, उलाढाल जुळते.
>
> केवळ सांगण्यावरून: खात्यातील ८ लाखांचा फरक (दरफरक, मालकाचे म्हणणे). भावाकडून आलेली रक्कम बिनव्याजी असल्याचे मालकाचे म्हणणे, लेखी काही नाही.
>
> तपासलेच नाही: दुसऱ्या ग्राहकाची १.२६ कोटींची विक्री स्वतंत्रपणे. बिले पाहिली, पण ती अकाउंटंटने निवडून दिलेली दहा आहेत, मी निवडलेली नाहीत.
>
> खाते-उतारे अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत. वरील स्थिती २८ जुलै २०२५ ची.

या टिपणात क्रम मुद्दाम उलटा आहे. अभ्यासाच्या क्रमाने लिहिले असते तर साठा शेवटी आला असता, आणि तोवर वाचणाऱ्याचे मत बनून गेले असते. दुसरे म्हणजे, ‘जुळले नाही’, ‘पडताळता आले नाही’, ‘सांगण्यावरून’ आणि ‘तपासलेच नाही’ हे चार वेगळे गट ठेवले आहेत. पहिल्यात पुरावा आकड्याच्या विरोधात आहे, दुसऱ्यात प्रयत्न झाला पण पुरावा मिळाला नाही, तिसऱ्यात कोणाचा तरी शब्द आहे, चौथ्यात काम बाकी आहे. सगळे ‘प्रलंबित’ या एका शब्दाखाली घातले तर साठ्याची तफावत आणि न पाहिलेली बिले सारख्याच वजनाची वाटतात. दहा बिले कोणी निवडली ही ओळ कनिष्ठांना लिहायला जड जाते, कारण तिने काम अपुरे दिसते. पण कर्जदाराच्या माणसाने निवडलेली बिले चांगलीच असणार, त्यामुळे ती ओळ नसेल तर दहा बिलांना नसलेले वजन मिळते.

शक्य तिथे न पडताळलेल्या आकड्यापुढे ‘हा चुकला तर काय’ याचेही उत्तर आहे. विक्री ६.५८ की ६.८४, याने मर्यादा पाच लाखांनी हलते. साठा ७३ की ९६, याने मर्यादा हलत नाही, कारण ती उलाढालीवर ठरते. पण मंजूर मर्यादेतून प्रत्यक्ष किती उचलता येईल, ते दरमहा साठा आणि ९० दिवसांच्या आतली येणी यांवरून ठरते, आणि फुगवलेला साठा तिथे बँकेच्या पैशाला थेट वाट करून देतो. व्याज भरण्याची ताकद मोजायची ती नफ्यावरून, तोही याच साठ्यावर उभा आहे.

असे टिपण हाती असले की वरिष्ठांना प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर एवढे दोनच रस्ते उरत नाहीत. या प्रकरणात मर्यादा १.३७ कोटींवर आणता येईल, पैसे देण्याआधी बाहेरच्या तपासनीसाकडून साठ्याची मोजणी करून घेण्याची अट घालता येईल, त्या व्यापाऱ्याची येणी उचलीच्या हिशेबातून वगळता येतील, आणि सप्टेंबरअखेरची विक्री ३बी वर पाहून वाढीव मर्यादेचा विचार करता येईल. यातली प्रत्येक अट टिपणातल्या एकेका न पडताळलेल्या आकड्यातून निघाली आहे. मंजुरीपत्रात ती लिहिताना टिपणाची तारीख आणि मुद्द्याचा क्रमांक जोडावा, म्हणजे ऑगस्टमध्ये व्यापाऱ्याचे पत्र आले तर कोणती ओळ बदलायची आणि कोणती अट उठवायची, हे फाइल हातात घेणाऱ्या नव्या माणसालाही कळेल.